सातवा भाग: शेजारी मोठं दुकान आलं तर

चौकातल्या रिकाम्या इमारतीवर ती भलीमोठी पाटी चढली, त्या दिवशी आमच्या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या दुकानदारांचे चेहरे उतरले. काचवाला दुकानाबाहेर खुर्ची टाकून नुसता बसून राहिला. रंगवाला तीनदा रस्ता ओलांडून पाटी वाचून आला, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर मजकूर बदलणार होता. आणि आमच्या वहिनीने टाळ्या वाजवल्या.

खरंच वाजवल्या. गल्ल्यामागच्या स्टुलावर उभी राहून, काचेतून पाटी नीट दिसावी म्हणून मान वाकडी करून, लहान मुलीसारख्या टाळ्या. "आले, भावजी, आले!" म्हणाली. "घर, बाग आणि हत्यारं, सगळं एका छताखाली. तीन मजले! मी दोनच धरले होते."

मी तिथल्या तिथे खिळ्यांच्या पोत्यावर बसलो आणि लगेच उठलो.

आमचं हार्डवेअरचं दुकान. चौदा फूट रुंद, बावीस फूट खोल, आणि भिंतभर लाकडी खण. वडिलांनी सुरू केलं, दादाला त्यात रस नव्हता. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे अजून बायकोला विचारतो. मला रस होता, पण आधी बाहेर चार धंदे बुडवून यायचे होते. तेव्हा दुकान हाती घेतलं ते वहिनीने, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी चौथ्या धंद्यातून सुटून आलो तेव्हा तिने मला गल्ल्याच्या डाव्या बाजूची जागा दिली, "इथे उभे राहा आणि काही नवीन सुचलं तर आधी मला सांगा" एवढंच म्हणाली. त्याला आता अठरा वर्षं झाली. मला या जगात कुठे उभं राहता येत असेल तर ती दीड फूट जागा. माझं वय अठ्ठेचाळीस आहे, हे मी उगाच सांगत नाही.

आता ती टाळ्या का वाजवत होती ते सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी आम्हाला पोटमाळा वाढवायचा होता आणि चाव्या बनवायचं मशीन घ्यायचं होतं. बँकेत गेलो. बँकेतल्या साहेबांनी धंद्याचा आराखडा मागितला. वहिनीने सहा भाग लिहून नेले. साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "आणि उद्या शेजारी मोठं दुकान आलं, किंवा त्याने भाव पाडले, तर? ते लिहा. सातव्या भागात असतं ते." सगळे जण तिथे एक ओळ लिहितात: आमची सेवा उत्तम असल्यामुळे ग्राहक आम्हालाच पसंती देतील. साहेबांनीच ती ओळ सांगितली, वर म्हणाले, हवी तर छापील आहे.

वहिनी घरी आली आणि रात्री अर्ध्या ताटावरून उठली. दादाला वाटलं, कर्ज नाकारलं. दुसऱ्या दिवशी तिने मला म्हटलं, "भावजी, ती ओळ खोटी आहे. सेवा उत्तम असली तरी माणसं जातील. आपणसुद्धा गेलोच असतो." आणि लिहायला बसली. सातवा भाग अकरा पानांचा झाला. साहेबांनी त्यातलं पहिलं पान वाचलं, शिक्का मारला, कर्ज मिळालं, कर्ज फिटलं. पण वहिनीला त्या भागाची चटक लागली ती लागलीच. दरवर्षी मालाची मोजदाद करायच्या दिवशी सातवा भाग बाहेर निघायचा, खोडाखोड व्हायची, नवं पान जोडलं जायचं. रस्त्यावर तिचं नाव 'सातवा भाग' पडलं. काचवाला तर तोंडावर म्हणायचा, "सातवा भाग आहेत का दुकानात?"

त्या अकरा पानांत होतं काय? पहिल्याच पानावर लिहिलं होतं: घाबरून सगळ्यावर भाव पाडायचे नाहीत. मोठा माणूस वर्षभर तोटा सोसेल, आपण महिनाभरही सोसणार नाही. आपल्या दुकानात चार हजार वस्तू. त्यातल्या किती वस्तूंचे भाव गिऱ्हाइकाला पाठ असतात? हे शोधायला वहिनीने महिनाभर गल्ल्यावर परीक्षा घेतली होती. आलेल्या प्रत्येकाला विचारायची, "बल्बचा भाव काय असेल सांगा बरं? आणि या बिजागरीचा?" बल्ब, सेल, नळाची पांढरी टेप, चिकटपट्टी, साधं कुलूप, असे फक्त तेवीस भाव लोकांना पाठ निघाले. बिजागरीचा भाव एकालाही सांगता आला नाही, सुतारालाही नाही. म्हणजे दुकान स्वस्त की महाग हे माणूस त्या तेवीस वस्तूंवरून ठरवतो. त्या तेवीसवर समोरच्याशी बरोबरी करायची, खरेदीच्या खाली मात्र जायचं नाही. उरलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही.

मग बारीकसारीक होतं. न हलणारा माल काढून टाकायचा. घाऊकवाल्याकडून थोडा थोडा, पण वारंवार माल घ्यायचा. पगार कापायचा तर आधी स्वतःचा, मग दिराचा. (हे वाक्य मी दरवर्षी खोडायचो, दरवर्षी ते परत यायचं.) समोरच्याची निंदा करायची नाही. तो जे करू शकत नाही तेच करायचं: एक सुटा स्क्रू विकायचा, चावी पाच मिनिटांत बनवायची, नळ का गळतो ते फुकट सांगायचं.

आणि शेवटच्या पानावर, दोन ओळी सोडून, एकच वाक्य होतं. बारा आठवड्यांनी विक्री गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल, तर दुकान बंद करायचं.

मी त्यावर वहिनीशी दरवर्षी भांडलो. ती शांतपणे सांगायची, "पहिले तीन महिने लोक नवलाईने जातात, उद्घाटनाची सूट असते. तेवढं धरून ठेवायला आपल्याकडे शिल्लक आहे. त्यानंतरही सत्तरच्या खाली असलो, तर मग नुसतं कुढत बसायचं आणि शेवटी माल उधळून उठायचं. त्यापेक्षा सगळ्यांचे पैसे देता येतील तेव्हाच, मान वर करून कुलूप लावायचं." तिचं बरोबर होतं. तिचं नेहमी बरोबर असतं, म्हणून तर तिच्याशी भांडायला मजा येते.

रंगीत तालीमही व्हायची, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. मोजदादीच्या संध्याकाळी वहिनी डोक्याला दादाचा मफलर गुंडाळून दारातून आत यायची आणि घशातून आवाज काढायची, "काय हो, समोर तर याच्या निम्म्यात मिळतं!" मी म्हणायचं, "घ्या की तिथून. फक्त मापाचं आहे का ते आधी इथे बघून जा." पुढच्या वेळी आवाज आणखी चढा. तालमीसाठी तिने तेवीस वस्तूंच्या पिवळ्या चिठ्ठ्या बनवल्या होत्या आणि त्यांच्यावर मुद्दाम भीषण भाव लिहिले होते, खरेदीच्या कितीतरी खाली, म्हणजे खरी वेळ आली की आमचे हात थरथरणार नाहीत. दादा शाळेतून येऊन हे बघायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा. संसार टिकवायचा असेल तर माणसाला असं एक स्वयंपाकघर लागतं.

तर मोठं दुकान उघडलं. फुगे, बँड, काचेचे दरवाजे स्वतःहून उघडणारे. सातव्या भागात लिहिलं होतं की पहिल्या दिवशी सकाळी वहिनीने वही घेऊन तिथे गिऱ्हाईक म्हणून जायचं, तेवीस भाव टिपायचे, आणि तिकडून फोनवर सांगायचे. मी 'खरं' लिहिलेल्या पाकिटातल्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर ते लिहून चिकटवायचे. ती गेली, उत्साहाने पदर खोचून गेली. दहा मिनिटांनी मला धीर धरवेना. पाकीट उघडलं तर आत चिठ्ठ्या तयार, भाव लिहिलेल्या! वाह, म्हटलं, वहिनीने अंदाजाने आधीच लिहून ठेवलेत. चष्मा कपाळावर होता. पाकिटावर 'तालीम' लिहिलं होतं, हे मला नंतर सांगण्यात आलं.

तेवीसच्या तेवीस चिठ्ठ्या मी चिकटवल्या. नीट, ओळीत. आणि त्याच वेळी दुकानात एक तरुण आला, निळा टाय, हातात पॅडला लावलेला कागद. काही घेतलं नाही. बल्बसमोर उभा राहिला, लिहिलं. टेपसमोर उभा राहिला, लिहिलं. मला वाटलं, सर्वेक्षणवाला आहे, बसायला स्टूल दिलं. तो कुठून आला होता ते तुम्हाला कळलंच असेल. मला नाही कळलं.

वहिनी परतली. दारातच थबकली. "भावजी, बल्बचा हा भाव कुणी लावला?"

"तुम्हीच. पाकिटात होता."

तिने पाकीट पाहिलं, मला पाहिलं, मग चिठ्ठ्या पाहिल्या. पुढच्या पाच मिनिटांत तेवीस चिठ्ठ्या निघाल्या. कुणी काही घेतलं होतं का? एक बाई दोन सेल घेऊन गेली होती, आणखी कुणी नाही. वहिनीचा जीव भांड्यात पडला. मी निळ्या टायचं सांगितलं तेव्हा तो भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

कारण मोठ्या दुकानाच्या दारावर फूटभर अक्षरांत लिहिलेलं होतं: परिसरात कुठेही कमी भाव दाखवा, आम्ही त्याहून दहा टक्के कमी घेऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पुन्हा वही घेऊन गेली आणि पळत परत आली. माझी वहिनी पळते हे मी लग्नाच्या वरातीनंतर पहिल्यांदा पाहिलं. "त्यांनी आपला तालमीचा भाव घेतलाय," तिला धाप लागली होती, "आणि वर दहा टक्के उतरवलेत. बल्ब आपल्या खरेदीच्या अर्ध्याहून कमी!"

मी म्हटलं, "मेलो आपण. माझ्यामुळे मेलो."

"मेलो काय?" वहिनी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मला भीतीच वाटली. "नववं पान, खालून तिसरी ओळ. त्याचा किरकोळ भाव आपल्या घाऊक भावाच्या खाली गेला, तर तोच आपला घाऊकवाला! पिशव्या काढा."

पण पिशव्या काढायच्या आधी ती सरळ मोठ्या दुकानात गेली, निळ्या टायला शोधलं आणि सांगून टाकलं. "हे बघा, काल तुम्ही टिपलेले भाव आमचे नव्हते. आमच्या दिरांनी चुकून तालमीच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. तुमचं नुकसान होतंय, बदलून टाका."

निळ्या टायला तालीम म्हणजे काय ते कळेना. कळल्यावर त्याला घाम फुटला. "ताई, भाव वरून येतात," तो म्हणाला. "मुख्य कार्यालयातून. मी फक्त टिपून पाठवतो. एकदा आले की पुढच्या सोमवारपर्यंत बदलत नाहीत."

"चुकीचे असले तरी?"

"चूक आहे हे कळवायला वेगळा फॉर्म आहे. तोही सोमवारीच बघतात."

"मग मला घेता येईल ना माल?"

"एका गिऱ्हाइकाला एका वस्तूचे सहा नग," तो हताशपणे म्हणाला. "बिल घेतलं की माल तुमचा."

वहिनीचं मन स्वच्छ झालं आणि त्यानंतर जो आठवडा सुरू झाला, तसा आमच्या घरात ना आधी झाला होता ना नंतर. दादाने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुकानाच्या कामात रस वाटला, कारण ते काम दुसऱ्याच्या दुकानात होतं आणि तिथे गारवा होता. सहा बल्ब, सहा सेल, सहा टेप, सहा कुलपं. बाहेर यायचं, पिशवी रिकामी करायची, पुन्हा आत. दादा चौथ्या फेरीला ट्रॉलीवर एक पाय ठेवून घसरत आला. पन्नाशीचा भूगोलाचा मास्तर! "उतारावर वेग वाढतो," मला म्हणाला, अगदी वर्गात सांगावं तसं. काचवाला आला, रंगवाला आला, आमचा नेहमीचा प्लंबर तर आपल्या दोन मेहुण्यांना घेऊन आला. रांगेत आम्ही एकमेकांना ओळख न दाखवता उभे होतो आणि हसू दाबून दाबून प्लंबरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गल्ल्यावरच्या मुलीने सहाव्या वेळी मला विचारलं, "काका, घर किती मोठं आहे तुमचं?" मी म्हटलं, "अंधार फार आहे, बाई."

सोमवारी भाव जागेवर आले. तोवर आमच्या पोटमाळ्यावर चार महिने पुरेल एवढा तेवीस वस्तूंचा माल होता, आणि मोठ्या दुकानाशी बरोबरी करूनही त्यात चांगली कमाई राहत होती. रस्त्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मला तर लोक हात मिळवायला यायचे. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाढवपणातून नफा झाला होता.

इथेच गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. पण तेवीस वस्तूंनी चौदा फुटांचं दुकान चालत नाही. माणसं जातात हे वहिनीने नऊ वर्षांपूर्वीच लिहिलं होतं, आणि ती गेली. तिसऱ्या आठवड्यात विक्री गेल्या वर्षीच्या चौऱ्याहत्तर टक्क्यांवर आली, पाचव्यात सहासष्ट, सातव्यात साठ. वहिनी दर शनिवारी दुपारी आकडा काढायची आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायची. ती दबली नाही, तेही सांगितलं पाहिजे. न हलणारे रंगीत नळ तिने घाऊकवाल्याला परत केले. स्वतःचा पगार थांबवला, मग माझा निम्मा केला. सुतार, प्लंबर, वायरमन यांना सकाळी कामावर जाताना माल लागतो आणि मोठं दुकान दहाला उघडतं, हे तिच्या ध्यानात आलं, ते आधी सातव्या भागातही नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही साडेसहाला शटर वर करू लागलो. पहिले दोन दिवस मी आणि एक कुत्रा होतो. तिसऱ्या दिवशी प्लंबर आला, मग त्याचे सोबती. वहिनी दारात उभी राहून हाक मारायची, "या या, नळाचे एल्बो सुटे मिळतात, उपदेशही सुटा मिळतो!" सकाळी साडेसहा वाजता इतकी आनंदी असणारी बाई मी दुसरी पाहिली नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

आकडा पासष्टवर चढला. अकराव्या आठवड्यात सदुसष्ट. आणि मला झोप लागेना.

तुम्हाला वाटेल, दुकान गेलं तर दुसरं काहीतरी बघायचं. माझ्यासारख्याने काय बघायचं? मी बाहेर चार वेळा जाऊन आलो आहे. मला चार हजार वस्तूंच्या जागा डोळे मिटून माहीत आहेत आणि त्याखेरीज काहीही माहीत नाही. शिवाय वहिनी बोलली ते करणार हे मला ठाऊक होतं. सत्तरच्या खाली म्हणजे खाली. एकोणसत्तरला ती मनाची समजूत घालणारी बाई नव्हती.

तेव्हा बाराव्या आठवड्याच्या सोमवारी मी लबाडी केली. साठवलेले पैसे घेऊन मी माझ्या मित्राच्या हातात दिले, म्हटलं, जा आणि आमच्या दुकानातून काहीतरी घे. काय घेऊ, तो म्हणाला. काहीही घे, पण भरपूर घे. मित्र भाड्याच्या एका खोलीत राहतो. त्याने सहाशे खिळे आणि फाटकाच्या बारा जोडी बिजागऱ्या नेल्या. वहिनीने बिल केलं. बुधवारी तो परत आला आणि दीडशे फूट साखळी घेऊन गेला. मी पोटमाळ्यावर लपलो होतो.

शनिवार आला. दुपारी चार वाजता वहिनीने अर्धं शटर खाली ओढलं, स्टुलावर बसली आणि बिलं पुढ्यात घेतली. दादा शाळेतून आला होता. प्लंबर उगाचच कोपऱ्यात एक वॉशर निरखत उभा होता, पंधरा मिनिटं तोच वॉशर. मी आकडा ऐकायला तयार होतो, कारण मला तो माहीत होता. मी मनातल्या मनात हिशेब केला होता, सत्तरच्या वर जायला हवा होता.

"चौऱ्याऐंशी," वहिनी म्हणाली.

मी ओरडलोच. दादाने मला मिठी मारली. प्लंबरने वॉशर हवेत उडवला आणि तो सापडेना.

"थांबा," वहिनी म्हणाली. तिने बिलांचा एक वेगळा गठ्ठा उचलला, बोटभर जाड, रबर लावलेला. "ही काढायचीत यातून."

"का?" मी विचारलं.

"सहाशे खिळे, भावजी. तुमच्या मित्राच्या खोलीला भिंती तरी आहेत का तेवढ्या?" ती दादाकडे वळली. "आणि शाळेतल्या अकरा मास्तरांना एकाच दिवशी कुलूप कशाला लागलं? प्रत्येकाने वेगळ्या नोटा दिल्या, पण सगळ्या तुमच्या पाकिटातल्यासारख्या दुमडलेल्या." दादा छताकडे बघू लागला. "आणि तुम्ही," प्लंबरला म्हणाली, "वीस नळ. लागतीलच म्हणालात. कुठल्या घराला वीस नळ लागतात?"

प्लंबर म्हणाला, "ताई, असतात एकेक घरं."

"काचवाल्याने करवत नेली. करवतीने तो काच कापणार आहे! सोमवारी सगळा माल परत आणायचा आणि पैसे घेऊन जायचे. ही विक्री नाही. ही माया आहे. माया मोजायची नाही."

मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आमची माया काढून टाकल्यावर उरणार काय? माझ्या हिशेबाने सदुसष्ट, फार तर अडुसष्ट. वहिनी एकेक बिल वजा करत होती आणि ओठ हलत होते. तिने पुन्हा पहिल्यापासून केलं. मग तिसऱ्यांदा. मी तिच्याकडे बघायचं टाळून खणांकडे बघत होतो. डावीकडून चौथा, तीन सूत मापाचे स्क्रू. पाचवा, साडेतीन सूत. सोमवारी हे खण कोण उघडणार, असं मनात आलं आणि माझे डोळे भरले. लपवण्यात अर्थ नव्हता, मी तसाच उभा राहिलो.

"भावजी," वहिनी म्हणाली, "जरा तुम्ही करून बघा. मला तीनदा बहात्तर येतंय."

मी केलं. दादाने केलं, भूगोलाचा असूनही. बहात्तर. प्लंबरने बोटांवर केलं आणि त्याचं एकशे चार आलं, ते आम्ही सोडून दिलं. सकाळी साडेसहाच्या बिलांनी ते केलं होतं. एक एल्बो, दोन वॉशर, चार फूट वायर, अशी चिल्लर चिल्लर बिलं, ज्यांना कुणीही पढवून पाठवलेलं नव्हतं. मोठ्या दुकानाची सूटही त्याच आठवड्यात संपली होती. सत्तरच्या वर दोन, तेही खरे.

आम्ही वहिनीकडे पाहिलं. आता ती सांगणार पुढे काय. तिने सातवा भाग उघडला, शेवटचं पान काढलं. सत्तरच्या खाली गेलं तर काय, ते तिथे लिहिलेलं होतं: घाऊकवाल्यांना कोणत्या क्रमाने कळवायचं, माल कुणाला द्यायचा, पाटी कुणी उतरवायची. तिने पान उलटलं. मागची बाजू कोरी होती.

"वाचलो तर काय करायचं," ती सावकाश म्हणाली, "ते मी लिहिलंच नाही."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे काही तयार नव्हतं. ती त्या कोऱ्या पानाकडे बघत बसली आणि मग हसायला लागली, इतकी हसली की उचकी लागली, आणि उचकीतच रडायला लागली. दादा पाणी आणायला गेला आणि चुकून टर्पेंटाइन घेऊन आला, ते आम्ही वेळेवर हिसकावलं. मीही रडत होतो, मघापासूनच रडत होतो, आता फक्त ते मोकळेपणी. मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि तिच्या डोक्यात एक टपलीही मारावीशी वाटली. बारा आठवडे तिने स्वतः कुलूप लावायची तयारी केली होती आणि आत कुठेतरी वाचण्याची आशासुद्धा तिने स्वतःला लिहू दिली नव्हती.

"पुढे काय, वहिनी?" मी विचारलं.

तिने नाक पुसलं. पदराने डोळे पुसले. दाराच्या आत खडूने बहात्तर लिहिलं. "पुढे काय म्हणजे? उद्या साडेसहाला शटर वर."

"उद्या रविवार आहे."

"मग परवा," वहिनी म्हणाली. "परवा साडेसहाला. तुमच्या जागेवर उभे राहा."